एक खातं, दोन फोन

मुरुडमध्ये पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घराचं गूगल खातं बहुधा सगळ्यांचं मिळून एकच असतं, पण त्याचा कोड एसएमएसने एकाच्याच फोनवर येतो. तो माणूस होडीवर गेला आणि रेंज सुटली, की घरच्यांना पासवर्ड माहीत असूनही खातं उघडत नाही. माझ्या मते इथे एसएमएसची वाटच बदलावी. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा अंकी कोड कुठून येत नाही. अ‍ॅप जोडताना स्कॅन केलेल्या क्यूआरमधली गुप्त किल्ली आणि फोनचं घड्याळ यांवरून तो फोनमध्येच दर 30 सेकंदांनी तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. म्हणून जोडणी करताना तोच क्यूआर एकाच बैठकीत दोन फोनांवर स्कॅन करावा. दोन्हींवर एकाच क्षणी तेच आकडे दिसले, की जोडणी नीट झाली. वेगळे दिसले तर किल्ली निराळी आहे किंवा एखाद्या फोनचं घड्याळ चुकलं आहे.

किल्ली दोघांकडे गेल्याने धोका वाढतो, हा आक्षेप खरा आहे. पण चोराला पासवर्डही लागतोच, आणि फोन हरवल्यावर नवी किल्ली घेतली की जुनी निकामी होते. गूगलचे दहा बॅकअप कोडही कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. प्रत्येक एकदाच चालतो. बँकेला मात्र हा उपाय लावू नये. तिथे ओटीपी सांगण्याऐवजी संयुक्त खातेदाराने स्वतःचं लॉगिन आणि स्वतःचा नंबर नोंदवून घ्यावा.