‘होतास’ आणि ‘होतात’

आमच्या करडीत एका घरात तीन बोली नांदतात. घरी उर्दू, बाजारात झाडीबोली आणि शाळेच्या वहीत प्रमाण मराठी. तोंडाने बोलताना या तिन्हींची सरमिसळ झाली तरी कुणी हरकत घेत नाही. कागदावर मात्र ती लपत नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारी हे घडले आणि तेव्हापासून अर्ज तपासण्याची आमची रीतच बदलली.

शेजारचे भाई टेम्पो चालवतात. त्यांच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला होता. दुसरी प्रत मागण्यासाठी मुलीनेच वडिलांच्या नावाने अर्ज लिहिला आणि भाई तो घेऊन शाळेत गेले. तिथे कुणीतरी त्यातले एक वाक्य मोठ्याने वाचले आणि चार माणसे हसली. भाई अर्ज परत घेऊन घरी आले. मगरिबनंतर आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, “सर, आता मी त्या शाळेत पाऊल ठेवणार नाही.” कॉलेजच्या प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती. मुलगी दाराआड उभी राहून रडत होती.

अर्जाचा मुख्य भाग असा होता :

“महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेतून दहावी पास झाली. तिचा दाखला हरवला आहे. मागच्या आठवड्यात मी भेटलो तेव्हा आठ दिवसांत देतो म्हणाला होतास. आपण त्या दिवशी घाईत आले होते. आपण आपल्या मुलीचा दाखला लवकर द्यावा. शनिवारच्या आधी देऊन दे, ही विनंती.”

मुलीच्या मनात बेअदबी मुळीच नव्हती. ‘महोदय’ होते, ‘आपण’ होते, ‘विनंती’ही होती. तरीही मुख्याध्यापकांना दोनदा ‘आपण’ आणि दोनदा ‘तू’ म्हटले गेले होते. आम्ही तिला जवळ बसवले आणि विचारले, “यात ‘तू’ कुठे आहे, शोध बरं.” तिने दोनदा वाचले आणि म्हणाली, “सर, ‘तू’ तर कुठेच लिहिलं नाही.”

तिचे खरेच होते. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य चालते, पण गाळलेला कर्ता क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असतो. ‘म्हणाला होतास’ यातला शेवटचा ‘स’ म्हणजे ‘तू’. तिथे ‘त’ हवा होता : ‘म्हणाला होतात’. एका अक्षराचा फरक, आणि लोक हसले ते याच वाक्याला. म्हणून अर्जात ‘तू’, ‘तुझा’, ‘तुला’ हे शब्द शोधून भागत नाही. क्रियापदांचे शेवट पाहावे लागतात. ‘देऊन दे’ हेही तसेच. आपल्या विदर्भात ‘करून दे’, ‘देऊन दे’ इतके जिभेवर असते की त्यातला ‘दे’ हा ‘तू’साठीचा आहे, हे ध्यानातच येत नाही. ‘द्या’ म्हटले की ‘तुम्ही’ होते आणि ‘द्यावा’ म्हटले की ‘आपण’ला शोभते.

‘आपण घाईत आले होते’ ही चूक मात्र उर्दूतून आली. उर्दूत ‘आप आए थे’ म्हणतात; ‘वो आए थे’ला जे क्रियापद, तेच ‘आप’ला. आपली मुले तोच साचा मराठीत आणतात. मराठीत आदराच्या ‘आपण’ला ‘तुम्ही’चे क्रियापद लागते : ‘आपण आला होतात’. ‘आले होते’ लिहिले की तिसराच कुणी आला होता, असे वाटते. आणखी एक फसवणूक शब्दांच्या सारखेपणाची आहे. उर्दूतला ‘तुम’ बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणतात, तर मराठीतला ‘तुम्ही’ मोठ्यांनाही चालतो. म्हणून काही मुले ‘तुम्ही’ला ‘तुम’ समजून घाबरतात आणि ‘आपण’ घालतात. दोन ओळींनी सवयीने पुन्हा ‘तुम्ही’ येतो. यात अपमान नाही, पण पत्र दोन माणसांनी मिळून लिहिल्यासारखे दिसते.

राहिले ‘आपल्या मुलीचा दाखला’. ‘आपण’ या शब्दाला मराठीत तीन कामे आहेत : समोरच्याला आदराने हाक मारणे, आपल्या दोघांना मिळून ‘आपण’ म्हणणे आणि स्वतःकडे बोट दाखवणे. ‘आपण आपल्या मुलीचा दाखला द्यावा’ या वाक्याचा सरळ अर्थ, मुख्याध्यापकांनी स्वतःच्या मुलीचा दाखला द्यावा, असा होतो! म्हणून प्रत्येक ‘आपला’पाशी थांबून ‘कुणाचा?’ असे विचारावे. इथे उत्तर ‘माझा’ येते, तर ‘माझ्या मुलीचा’ असेच लिहावे.

मग आम्ही कच्च्या कागदाच्या समासात तीन ओळी लिहून दिल्या :

तू – तुझा – तुला – आलास – केलेस – दे
तुम्ही – तुमचा – तुम्हाला – आलात – केलेत – द्या
आपण – आपला – आपणास – आलात – केलेत – द्यावे

यातली एक ओळ निवडायची आणि पत्र संपेपर्यंत तीच धरायची. मुलीने तिसरी निवडली. त्यानंतर तिला अर्ज खालून वर, एकेक वाक्य करून वाचायला लावला. वरून वाचताना आपण अर्थाच्या ओघात वाहत जातो आणि शेवटची अक्षरे डोळ्यांतून निसटतात. खालून वाचताना प्रत्येक वाक्य एकटे उभे राहते. तिने प्रत्येक क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ मारली. जिथे कर्ता नव्हता, तिथे ‘आपण’ मोठ्याने घालून पाहिला. “आपण म्हणाला होतास” असे वाचताच ती स्वतःच थांबली.

एक अपवादही तिला सांगितला. कुणाचे बोलणे जसेच्या तसे लिहायचे असेल तर त्यातला ‘तू’ बदलायचा नाही. मुख्याध्यापकांनी मुलीला ‘तू सोमवारी ये’ म्हटले असेल, तर अवतरणात तेच राहील. तो ‘तू’ मुलीला आहे, मुख्याध्यापकांना नाही.

शेवटची विनंती लिहिताना हात अडला, तर मराठीत एक सोय आहे. ‘दाखला मिळावा’ म्हटले की समोरच्याला ना ‘तू’ म्हणावे लागते ना ‘तुम्ही’. सरकारी अर्जांत हे रूप सर्रास दिसते. पण सगळे पत्र अशाच वाक्यांचे केले, तर कोण कुणाला काय म्हणाले तेच हरवते. भाईंना दिलेला शब्द आठवून द्यायचा होता, म्हणून तिथे ‘आपण’ हवेच होते. नवा अर्ज असा झाला :

“महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण झाली. तिचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला आहे. मागील आठवड्यात मी भेटलो, तेव्हा आठ दिवसांत दुसरी प्रत देतो, असे आपण म्हणाला होतात. माझ्या मुलीच्या प्रवेशाची मुदत शनिवारी संपत आहे. तरी दाखला त्यापूर्वी मिळावा, ही विनंती.”

‘घाईत आला होतात’ हे वाक्य मुलीनेच काढून टाकले. चूक दुरुस्त झाली होती, पण त्यात टोमणा आहे, असे ती म्हणाली. आम्हाला ते सुचले नव्हते.

भाईंनी सही करायला जरा वेळ घेतला. म्हणाले, “सर, आम्ही नमाजनंतर दुआत अल्लाहलाही ‘तू’च म्हणतो ना?” आम्ही म्हटले, “भाई, तिथे शेवटपर्यंत ‘तू’च असतो, मध्येच ‘आप’ होत नाही.” ते हसले आणि त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्यासोबत शाळेत गेली. दाखला शुक्रवारी दुपारी हातात आला.