उत्तरसूचीतला पाय कोणता?

सातवीतल्या माझ्या लेकीला शिकवणीतून वर्तुळाची दहा गणितं मिळाली होती. मागे उत्तरसूची होती, पण पायची किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. पहिल्या गणितात त्रिज्या 7 सेंमी. तिनं 3.14 घेऊन परीघ 43.96 आणि क्षेत्रफळ 153.86 काढलं. सूचीत होतं 44 आणि 154. तिनं दोन्ही उत्तरं खोडून टाकली. पुढच्या गणितात त्रिज्या 10 होती, म्हणून या वेळी 22/7 घेतले आणि परीघ आला 62.86. सूची म्हणाली, 62.8. मग मात्र वही मिटून ती म्हणाली, "अम्मी, मला गणित येतच नाही."

खरं तर तिची रीत कुठेच चुकली नव्हती. पायचे दशांश संपतच नाहीत. 3.14159… असे ते पुढे चालू राहतात. 3.14 ही किंमत त्याहून किंचित कमी आहे, तर 22/7 म्हणजे 3.142857… किंचित जास्त. गणित तयार करणारे बहुधा आकडा पाहून सोय बघतात. त्रिज्या 7, 14 किंवा 21 असली की छेदातला 7 उडतो आणि उत्तर पूर्णांकात येतं. 5 किंवा 10 असली की 3.14 सोपं पडतं. तिच्या सूचीत दोन्ही किमती वापरल्या होत्या.

कोणती किंमत घेतली ते उत्तरावरूनच शोधता येतं. सूचीतल्या परिघाला व्यासानं भागायचं. 62.8 भागिले 20 म्हणजे नेमके 3.14. 44 भागिले 14 म्हणजे 3.142857… इथे दोन दशांशांवर थांबू नये, कारण तिथवर दोन्ही किमती सारख्याच दिसतात. क्षेत्रफळ दिलं असेल तर त्रिज्येच्या वर्गानं भागायचं. कॅल्क्युलेटरवरचं पायचं बटण वापरलं असेल, तर त्रिज्या 10 असताना क्षेत्रफळ 314.16 येतं. 3.14 ने ते 314 येतं आणि 22/7 ने 314.29.

वर्तुळ लहान असलं की ही युक्ती अडते. त्रिज्या 1 असेल, तर 3.14 ने आणि बटणानेही परीघ दोन दशांशांपर्यंत 6.28 च येतो. अशा वेळी त्याच कागदावरचं मोठं वर्तुळ तपासावं.

उलट्या गणितात मुलं जास्त गोंधळतात. क्षेत्रफळ 154 देऊन त्रिज्या विचारली आणि 3.14 ने भागलं, तर 49.04… येतं. त्याचं वर्गमूळ नीट निघत नाही आणि मूल घाबरतं. तेच 22/7 ने भागलं की 49, म्हणजे त्रिज्या 7.

आता लेक प्रत्येक उत्तराच्या वर "π = 3.14 घेऊन" किंवा "π = 22/7 घेऊन" असं लिहिते. तपासणाऱ्यालाही त्यामुळे कळतं की फरक किमतीचा आहे, रीतीचा नाही. फरक मात्र शेकड्याला एक दशांशाहूनही कमी असावा. परीघ 44 ऐवजी 22 आला, तर दोष पायचा नाही. व्यासाच्या जागी त्रिज्या घेतली गेली आहे.