चक्राच्या जागी टक्के नकोत

ऑगस्ट उजाडला की आईबाबांच्या मोबाइलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. 'स्वातंत्र्यदिनानिमित्त भव्य सेल!' गाद्या, कुकर, चपला, टीव्ही, सगळ्यांना एकदम देशप्रेमाचं भरतं येतं. कुणी तिरंग्यावर किंमत छापतं, तर कुणी 'महागाईपासून आझादी' म्हणतं. यातल्या काही जाहिराती कशा तयार होतात हे मी जवळून पाहते. कारण आमच्या पेठेतल्या बापूकाकांच्या खेळाच्या कपड्यांच्या दुकानासाठी अशी चित्रं मीच बनवून देते. त्यांना सगळे 'पोस्ट' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आता तुम्ही विचाराल, 'ताई, स्वातंत्र्यदिनाला सेल लावायचाच कशाला?' प्रश्न रास्त आहे. पण काकांची बाजूही ऐका हं. शाळेचे पांढरे बूट, हाफपँटी, टी-शर्ट ही खरेदी जूनमध्ये होऊन जाते. जुलैत पाऊस असतो आणि दुकानात माश्या मारत बसावं लागतं. ऑगस्टमध्ये शालेय स्पर्धांचे वारे वाहू लागतात. कुणाला कबड्डीची जर्सी हवी असते, कुणाला धावण्याचे बूट. तेव्हा माल हलला नाही तर तो दिवाळीपर्यंत तसाच पडून राहतो. सुट्टीच्या दिवशी लोक घराबाहेर पडतात, म्हणून दुकानदार हे दिवस धरतात. विकण्यात काही वाईट नाही. प्रश्न आहे तो कशाच्या आधाराने विकायचं, हा.

मागच्या खेपेला काका एक कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी स्वतःच पेन्सिलीने पोस्ट काढली होती. वर केशरी पट्टा, मध्ये पांढरा, खाली हिरवा. मधोमध अशोकचक्र, पण त्यात आऱ्यांऐवजी मोठ्या अक्षरांत '५०%'. खाली एक मुलगा सलाम करतोय आणि त्याच्या ट्रॅकपँटच्या मांडीवर झेंडा छापलेला.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"काका, चित्र सुबक आहे, पण हे लावता येणार नाही," मी म्हणाले.

"का गं? झेंडा तर मानाने वर काढलाय!"

मग मी त्यांना एकेक गोष्ट दाखवत गेले. तीच तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट चक्राची. भारताच्या ध्वजावर कोणताही मजकूर लिहायचा नाही, असा नियम आहे. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा १९७१ सालचा आहे. त्यात 'ध्वज' म्हणजे फक्त काठीवर फडकणारं कापड नव्हे. ध्वजाचं चित्र, छायाचित्र किंवा त्याचा एखादा भागसुद्धा त्यात येतो. म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचा तिरंगाही तिरंगाच! त्यावर '५०%' लिहिणं म्हणजे खऱ्या झेंड्यावर लिहिण्यासारखंच झालं.

दुसरी गोष्ट धंद्याची. १९५० सालचा आणखी एक कायदा आहे. राष्ट्रध्वज किंवा त्याची नक्कल वाटेल असं काहीही सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरू नये, असं तो सांगतो. त्याच यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांची नावं आणि चित्रंही आहेत. त्यामुळे 'गांधीजींच्या चष्म्यातून पाहा आमचे दर' असली कल्पनाही बाद.

तिसरी गोष्ट ट्रॅकपँटची, आणि खेळाच्या दुकानाला ती फार महत्त्वाची. कमरेखाली घालायच्या कोणत्याही कपड्यावर राष्ट्रध्वज चालत नाही. रुमालावर आणि आतल्या कपड्यांवरही चालत नाही. म्हणजे मोजे, शॉर्ट, ट्रॅकपँट यांवर झेंडा नको. पोस्टमध्ये नको आणि खऱ्या मालावरही नको.

काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मग काय, केशरी न् हिरवा रंगच वापरायचा नाही की काय? माझ्याकडे केशरी जर्सीचे तीन गठ्ठे पडलेत!"

तसं मुळीच नाही. रंग कुणाच्या मालकीचे नाहीत. केशरी जर्सी, हिरवे बूट, पांढरी टोपी खुशाल दाखवावी. पण वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा असे तीन सारखे आडवे पट्टे आले आणि मध्ये गोल आलं, की डोळा लगेच 'झेंडा' म्हणतो. माझी एक साधी चाचणी आहे. ती कायद्यात लिहिलेली नाही, पण उपयोगी पडते. पोस्ट तयार झाली की मोबाइल हात लांब करून धरायचा आणि डोळे अर्धवट मिटायचे. अक्षरं पुसट होतात आणि फक्त रंगांचे ठोकळे उरतात. त्या ठोकळ्यांत झेंडा दिसला, तर रचना बदलायची. काकांच्या पोस्टमध्ये लख्ख झेंडा दिसत होता. आम्ही मागची जागा फिकट आकाशी केली, केशरी जर्सी एका कोपऱ्यात घडी घालून ठेवली आणि शेजारी धावण्याचे काळे बूट ठेवले. पुन्हा डोळे मिटून पाहिलं. आता दिसलं ते फक्त दुकान.

मग आली खरी अवघड गोष्ट, ती '५०%'ची. इथे जरा गणित करू या. ज्या बुटांची ही पोस्ट होती, त्यांच्या खोक्यावर छापील किंमत १६०० रुपये. काका ते बूट वर्षभर १२०० रुपयांना विकतात. त्यांना ते पडतात ९५० रुपयांना. आता १६०० वर ५० टक्के सूट म्हणजे ८०० रुपये. प्रत्येक जोडामागे १५० रुपयांचा तोटा! मग काका ५० टक्के कसे देणार होते?

"दोन जुने जोड आहेत, रंग उडालेले. ते देऊ निम्म्यात," काका म्हणाले. "आणि ५० च्या पुढे बारीक अक्षरात 'पर्यंत' लिहू. सगळेच लिहितात."

काकांची नात सई आठवीत आहे. ती तिथेच बसली होती. ती पटकन म्हणाली, "आजोबा, म्हणजे माझ्या मैत्रिणी ५० टक्के वाचून येणार आणि त्यांना ते मिळणारच नाही?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, झेंड्याच्या नियमांपेक्षा हा एक प्रश्न त्यांना जास्त लागला. शेवटी ठरलं की, रोजच्या विक्रीच्या किमतीवर, म्हणजे १२०० वर, सरळ १५ टक्के सूट द्यायची. १२०० चे १५ टक्के १८०, म्हणजे बूट १०२० रुपयांना. काकांना जोडामागे ७० रुपये सुटतात. छापील किमतीशी तुलना केली असती तर तीच सूट '३६ टक्के' म्हणून मिरवता आली असती, आणि हिशेबात ती खोटीही ठरली नसती. पण जो माणूस कालच १२०० रुपये देऊन गेला, त्याला ती फसवणूकच वाटली असती. म्हणून पोस्टवर आम्ही टक्क्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'एरवी १२०० रु., या आठवड्यात १०२० रु.' स्वातंत्र्यदिनाचं नाव घेऊन गिऱ्हाइकाला चकवणं हाही त्या दिवसाचा अपमानच, नाही का?

सईला आणखी एक सुचलं होतं, "७९ वा स्वातंत्र्यदिन, म्हणून ७९ रुपये सूट!" यात मोजणीची एक गंमत आहे. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरतात. म्हणून चालू सालातून १९४६ वजा करायचे. २०२५ सालचा ७९ वा, २०२६ सालचा ८० वा. पण स्वातंत्र्याला पूर्ण झालेली वर्षं मोजायची तर १९४७ वजा करायचे. बऱ्याच पोस्टमध्ये हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात आणि 'स्वातंत्र्याची ७९ वर्षे' असं एक वर्ष आधीच छापून जातं. आम्ही आकडा घेतलाच नाही. ज्या दिवसासाठी माणसं तुरुंगात गेली, त्या दिवसाच्या वर्षांचे रुपये करायला सईलाही नंतर बरं वाटेना.

आता उरला प्रत्यक्ष १५ ऑगस्टचा दिवस. त्यासाठी आम्ही दुसरी, अगदी वेगळी पोस्ट केली. तिच्यात किंमत नाही, वस्तू नाही, सूट नाही. खेळाच्या दुकानाला या दिवशी सांगण्यासारखं काय आहे, याचा विचार केला आणि इतिहासातच उत्तर सापडलं. मजकूर असा :

'१२ ऑगस्ट १९४८. लंडनच्या वेम्बली मैदानावर ऑलिम्पिक हॉकीचा अंतिम सामना. समोर ग्रेट ब्रिटन. कप्तान किशनलाल यांच्या संघाने ४-० असा विजय मिळवला. स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. तीनच दिवसांनी देश आपल्या स्वातंत्र्याची पहिली वर्षपूर्ती साजरी करणार होता. स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. आज दुकान दुपारी बारानंतर उघडेल.'

खाली लहान अक्षरात दुकानाचं नाव, बस्स! खेळाडूंचे फोटोही घेतले नाहीत. कुणाचा चेहरा आपल्या दुकानाच्या नावाशेजारी लावायचा तर त्याची परवानगी हवी. हकिकत मात्र सगळ्यांची असते.

एक बारीक अडचण पोस्ट टाकायच्या वेळेची होती. ती फार जणांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तास राहतं. सेलचं स्टेटस १४ तारखेला सकाळी दहाला टाकलं, तर ते १५ ला सकाळी दहापर्यंत दिसत राहणार. म्हणजे शाळेत ध्वजवंदन चालू असताना इकडे आपले बूट झळकणार! म्हणून सेलचं शेवटचं स्टेटस १३ ला संध्याकाळी टाकलं. ते १४ च्या संध्याकाळी आपोआप गेलं. १५ ला फक्त हॉकीची गोष्ट, आणि बूट परत १६ ला.

तुमच्या घरी कुणाचं दुकान असेल, किंवा शाळेच्या मेळाव्यासाठी तुम्ही जाहिरात करणार असाल, तर डोळे अर्धवट मिटायची चाचणी करून बघा. आणि सूट लिहिताना कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, 'पर्यंत'सकट.

आणि काकांच्या त्या केशरी जर्सीचं काय झालं? तीनपैकी दोन गठ्ठे संपले. तिसरा अजून माळ्यावर आहे. रंग उडालेले दोन जोड काकांनी खोक्यावर स्पष्ट 'रंग उडालेला' असं लिहून ८०० रुपयांना ठेवले. एक गेला. दुसऱ्याचा नंबर फार मोठा आहे म्हणे, अकरा!