आकडा लॅबच्या वहीत होता

गेज कॅलिब्रेट करून झालं, परत आलं, त्यावर स्टिकरही लागला, पण सर्टिफिकेट बिल चुकतं होईपर्यंत मिळणार नाही, असं एखादी लॅब म्हणते तेव्हा ती नुसता कागद अडवते असं बहुतेकांना वाटतं. आमच्या लेखा विभागालाही तसंच वाटत होतं. मला त्या प्रकाराचा अजूनही राग येतो, आणि तो का येतो हे नीट सांगायचं आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी सांभाळते. गाड्यांचे सुटे भाग बनतात, आयएटीएफ 16949 आहे, दरवर्षी ऑडिट होतं. गेजेस बाहेरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबकडे जातात. जूनमध्ये गेलेला लॉट त्याच महिन्यात परत आला, सर्टिफिकेटं आली नाहीत. आमच्या टूलरूममध्ये स्टिकर बघून गेज लाइनवर द्यायची पद्धत होती, त्यामुळे गेजेस वापरात गेली. ऑगस्टअखेर ऑडिट होतं.

आधीचे सगळे मेल 'कृपया सर्टिफिकेट लवकर पाठवावे' या थाटाचे होते आणि त्यांना 'पाठवतो' एवढंच उत्तर येत होतं. मग मी एक वेगळा मेल लिहिला. त्यात आर्जव नव्हतं, तक्ता होता. प्रत्येक गेजचा आयडी, माप, आमच्या चलनाचा क्रमांक, गेज परत आल्याची तारीख आणि स्टिकरवरची तारीख. खाली चार ओळी: प्रत्येक सर्टिफिकेटवर प्रत्यक्ष मोजलेला आकडा हवा, नुसतं 'ओके' चालणार नाही, मापनाची अनिश्चितता हवी, कोणत्या मास्टरवरून मोजलं ते हवं, एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआर क्रमांक हवा. शेवटी लिहिलं, की बुधवारपर्यंत सर्टिफिकेट तयार नसेल तर मोजमापांच्या कच्च्या नोंदी तरी पाठवा, नाहीतर गुरुवारी सकाळी ही सगळी गेजेस लाइनवरून काढून घेणार आहे. बिलाचा विषय मेलमध्ये घेतला नाही, तो लेखा विभागाशी वेगळा बोलले. असा मेल लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की 'लवकरात लवकर' हे शब्द काढून तिथे तारीख घाला, आणि त्या तारखेनंतर तुम्ही काय करणार ते लिहा.

लॅबच्या मालकांचा फोन आला. "मॅडम, एवढं कशाला मनावर घेता? ऑडिट कधी आहे तेवढं सांगा. जूनचीच तारीख टाकून देतो सर्टिफिकेटवर."

मी नको म्हटलं. कॅलिब्रेशन जूनमध्ये झालं ही तारीख खरी आहे, ती राहू दे. पण सर्टिफिकेट ऑगस्टमध्ये निघालं तर त्यावर ऑगस्टच पाहिजे. यूएलआर क्रमांकात वर्ष असतं आणि पुढे लॅबचा चढता क्रमांक असतो. जूनच्या तारखेचं सर्टिफिकेट आणि क्रमांक मात्र ऑगस्टच्या रांगेतला, हे ऑडिटरने दुसऱ्या दोन सर्टिफिकेटांशी ताडून पाहिलं की कळतं. आणि नसतं कळलं, तरीही मी ते घेतलं नसतं.

बुधवारी संध्याकाळी सर्टिफिकेटं आली. मी ती एकेक करून आमच्या गेजच्या ड्रॉइंगशी लावली. 25 एच7 च्या प्लग गेजपाशी थांबले.

या गेजने तपासायचं भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या दरम्यान हवं. गेजचं गो टोक भोकात गेलं पाहिजे आणि नो-गो टोक जाता कामा नये. रोज हजारदा आतबाहेर करून गो टोक झिजतं. म्हणून ते नवं असताना मुद्दाम 25 पेक्षा किंचित मोठं, 25.003 च्या आसपास करतात, आणि झिजून 24.997 च्या खाली गेलं की बाद करतात. सर्टिफिकेटवर लिहिलं होतं 24.9952, अनिश्चितता अधिक-उणे एक मायक्रॉन. म्हणजे शंकेचा फायदा सगळा गेजला दिला तरी ते 24.9962 च्या वर जात नाही. गेज बाद होतं. ते जूनमध्येच बाद झालेलं होतं आणि स्टिकर लावून लाइनवर चालत होतं.

लॅबने खोटं काही केलं नव्हतं. आम्ही त्यांच्याकडून चालेल-न चालेल असा निर्णय मागितलेला नव्हता. मोजायचं त्यांनी आणि ठरवायचं आम्ही, असाच व्यवहार होता. पण आम्ही ठरवायचं ते ज्या आकड्यावरून, तो आकडा सगळा पावसाळा त्यांच्या वहीत पडून होता. बिलापायी अडवलं ते हे.

मग पुढचं सगळं ओळीने आलं. गेज लाल खूण करून बाजूला. झिजलेलं गो टोक लहान भोकालाही आत जातं, म्हणून धोका फक्त घट्ट भोकांचा होता. भोक घट्ट कधी होतं? रीमर झिजत आला की. म्हणून आम्ही रीमर बदलल्याच्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक बदलाच्या लगेच आधीचे लॉट वेगळे केले. तासाच्या सॅम्पलिंगची एअर गेजची रीडिंग त्याला लावून पाहिली. तीही त्याच लॉटमध्ये 25.000 कडे उतरत गेलेली दिसत होती. स्टोअरमधला माल कॅलिब्रेशनची मुदत चालू असलेल्या दुसऱ्या प्लग गेजने तपासला. काही भागांत ते गो टोक शिरलंच नाही.

त्याच लॉटचा माल ग्राहकाकडे गेलेला होता. संशयित माल बाहेर गेला असेल तर ग्राहकाला कळवायचं, हे मानकातच आहे. आमच्या प्लँट हेडना ते जड गेलं. "ऑडिटच्या तोंडावर आपणच आपल्या हाताने?" असं ते म्हणाले. कळवलं. ग्राहकाच्या आवारात आमची माणसं उभं राहून माल निवडत होती, ऐन गणपतीच्या तयारीत, घरी आरास सोडून. त्या पोरांचा काय संबंध होता लॅबच्या थकलेल्या बिलाशी?

ऑडिटरने जूनची कॅलिब्रेशनची तारीख आणि ऑगस्टची सर्टिफिकेटची तारीख शेजारी ठेवून विचारलंच, मधल्या काळाचं काय केलंत? मी सगळी फाइल पुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि सर्टिफिकेट न पाहता गेज लाइनवर देण्याच्या पद्धतीवर मायनर नॉन-कन्फर्मिटी लिहिली. जूनची तारीख टाकून घेतली असती तर कदाचित हे टळलं असतं, असं नंतर मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं. त्या वाक्याला मीटिंगमध्ये मानाही हलल्या. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

बिलाचं म्हणाल तर ते खरंच थकलेलं होतं. आमच्यासारख्या कंपन्या छोट्या लॅबचे पैसे महिनोन्‌महिने अडकवतात आणि त्यांच्या हातात अडवण्यासारखं सर्टिफिकेटाशिवाय दुसरं काय असतं? हे कळत असूनही माझा राग कमी होत नाही. बिलासाठी त्यांनी पुढचा लॉट घेतला नसता, तर मी त्यांच्या बाजूने लेखा विभागाशी भांडले असते.

आता आमच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, की गेजसोबत मोजमापांचा कागद आलाच पाहिजे, आणि पैसे अमुक दिवसांत देणं आमच्यावर बंधनकारक आहे. दुसरं वाक्य घालून घ्यायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. लॅब मात्र तीच आहे. लोक विचारतात, तारीख बदलून देतो म्हणणाऱ्या माणसाकडे परत कशी जाते? त्याने 24.9952 लिहिलं, म्हणून. ते 24.998 करून देणं त्याला अवघड नव्हतं, आणि मलाही ते कधी कळलं नसतं. तरी त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटचा यूएलआर क्रमांक मी मागच्याशी ताडून बघते, आणि बघत राहणार आहे.