ताळेबंदाबाहेरचे वाक्य

मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर जड जाऊ लागल्यापासून वार्षिक अहवालाचे मुसद्दे मी कार्यालयातील शिकाऊ मुलीकडून मोठ्याने वाचून घेतो. आकड्यांवरून सरकणाऱ्या डोळ्याला जे दिसत नव्हते, ते ऐकताना कानाला खटकू लागले आहे. लेखापरीक्षणाचे मानक 720 सांगते की, ताळेबंदाबाहेरचा मजकूरही वाचावा आणि तो हिशेबांशी, तसेच परीक्षणात आपल्याला कळलेल्या गोष्टींशी विसंगत तर नाही ना, हे पाहावे. आकडा न जुळणे सोपे. परंतु ज्या वाक्यातील प्रत्येक शब्द खरा असूनही एकंदर अर्थ दिशाभूल करतो, त्यापाशी मी वारंवार अडतो.

भाईंदर पूर्वेस कारखाना असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या अध्यक्षीय निवेदनात असे लिहिले होते की, दीर्घ मुदतीचे कर्ज दोन तृतीयांशाने उतरवून कंपनी कर्जाच्या ओझ्यातून बाहेर पडत आहे. ताळेबंदात ते कर्ज खरोखरच 12 कोटींवरून 4 कोटींवर आले होते. मात्र कॅश क्रेडिट आणि इतर अल्प मुदतीची उचल 9 कोटींची 18 कोटी झाली होती, म्हणजे एकूण कर्ज 21 कोटींवरून 22 कोटींवर गेले होते.

अशा वेळी चूक त्यांच्या मजकुरात आहे, हिशेबांत आहे, की आपल्याच समजुतीत आहे, हे आधी ठरवावे लागते. म्हणून मी बँकांची शिल्लक-पत्रे व मंजुरीपत्रे पुन्हा काढली. हिशेब बिनचूक होते. वित्तप्रमुख म्हणाले, “साहेब, यात खोटं काय आहे?” खोटे काही नव्हते, परंतु योग्य आकलनासाठी आवश्यक ती गोष्ट गाळणे हेही मानकाच्या दृष्टीने चुकीचे कथनच ठरते, एवढेच उत्तर मी दिले आणि बाब लेखापरीक्षण समितीपुढे ठेवली.

कंपनीने दुरुस्तीस नकार दिला असता, तर हिशेबांवरील माझे मत निर्दोष ठेवूनही ‘इतर माहिती’ या मथळ्याखाली ही विसंगती मला नोंदवावी लागली असती. आणि मुसद्दा माझ्या अहवालावर सही झाल्यानंतर हाती आला असता, तर कंपनी कायद्याच्या कलम 146 अन्वये सर्वसाधारण सभेत उभे राहून बोलण्याचा मार्ग उरला असता. सांगण्यासारखे काही आढळले नाही, असा परिच्छेद दरवर्षी जसाच्या तसा छापणारे आमचे काही व्यवसायबंधू मला क्षम्य वाटत नाहीत. मजकुराची आम्ही हमी देत नाही हे खरे, पण म्हणून तो न वाचण्याची मुभा मिळत नाही.

अध्यक्षांनी खुलासा पुढच्या पानावर देऊ केला. मी त्याच परिच्छेदाचा आग्रह धरला. त्यात कर्तव्याइतकाच माझ्या शब्दाला मान मिळावा हा अहंकारही होता, हे मला मान्य आहे. एकूण कर्ज 22 कोटी झाल्याचे वाक्य अखेर त्याच परिच्छेदात, त्याच टंकात छापले गेले.