गल्ला, भटारखाना आणि जागामालक

माटुंग्यात उडुपी हॉटेलांची रांग पाहिली की नवख्याला वाटते, यांतले एखादे चालू हॉटेल घ्यावे, शून्यापासून सुरुवात कशाला? पण ही हॉटेले उभी राहिली ती उलट्या वाटेने. ए. रामा नायक लहानपणीच मुंबईत आले, दुसऱ्यांच्या भटारखान्यांत राबले आणि मग 1942 मध्ये त्यांनी माटुंग्यात उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. त्यांना शून्यातून उभे राहिलेले म्हणतात खरे, पण धंदा त्यांच्या हातात आधीच होता. शून्य होते ते भांडवलात.

*

चालू हॉटेल विकत घेताना आपण तीन गोष्टींचे पैसे मोजतो: जागा, माणसे आणि नाव. यांतले आपोआप आपले काहीच होत नाही. जागा बहुधा पागडीची असते. म्हणजे विकणारा मालक नसतो, भाडेकरू असतो. जागामालकाची लेखी संमती नसेल तर व्यवहार कच्चा. संमती देताना तो आपला वाटा मागतो, आणि तो कोण देणार हे टोकन देण्याआधी ठरलेले बरे. फूड लायसन्सही विकत मिळत नाही. ते नव्या मालकाला नव्याने काढावे लागते.

*

‘कंडक्टिंगवर घे’ असा सल्ला हमखास मिळतो. महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि दुसऱ्याचे हॉटेल चालवायचे. पहिल्या धंद्याला हे वाईट नाही, आत शिरून शिकता येते. पण भाडेकरूने मालकाला न विचारता दिले असेल तर ते पोटभाडे ठरू शकते, आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात त्यावरून जागा खाली करून घेता येते. त्यात तुमचे फर्निचर आणि डिपॉझिट दोन्ही अडकतात.

*

विकणारा सांगतो तो धंदा तपासायचा कसा? जीएसटीची विवरणे आणि यूपीआयचे स्टेटमेंट मागावे. तरीही ‘बराचसा रोखीत आहे’ असे उत्तर येते. अशा वेळी दुधाचे बिल पाहावे. समजा तो म्हणतो, रोज चारशे फिल्टर कॉफी जातात. एका कॉफीला शंभर मिली दूध धरले तर चाळीस लिटर हवे. डेअरीचे बिल वीस लिटरचे निघाले तर कॉफी दोनशेच. दूध काही गल्ल्यात लपवता येत नाही. गॅस सिलिंडरची आणि उडीद डाळीची बिलेही हेच सांगतात.

*

आता एक हिशेब, आकडे मानलेले. महिन्याची विक्री 5 लाख. कच्चा माल 1 लाख 75 हजार, पगार 1 लाख 20 हजार, गॅस-वीज 40 हजार, भाडे 15 हजार, किरकोळ 30 हजार. उरले 1 लाख 20 हजार. मागणी 50 लाख, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल, असे विकणारा म्हणतो.

पण सकाळी सहापासून गल्ल्यावर तो स्वतः बसतो आणि इडलीच्या पिठाकडे त्याची बायको पाहते. त्यांचा पगार कुठेच धरलेला नाही. तुम्ही त्या जागी माणसे ठेवलीत तर 50 हजार गेले, उरले 70 हजार. वसुलीला सहा वर्षे.

*

फ्रँचायझीत खर्चाचा आकडा तरी कागदावर असतो. नाव, पाककृती, माल सगळे तयार. पण त्याच 5 लाखांवर समजा 6 टक्के रॉयल्टी, म्हणजे 30 हजार, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 5,400. साधे उपाहारगृह ग्राहकाकडून 5 टक्के कर घेते आणि त्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून हे 5,400 खिशातूनच जातात. शिवाय आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. करारात जे लिहिले तेवढेच हक्क. शेजारच्या गल्लीत दुसरी शाखा देणार नाही, हे लिहून घेतले नसेल तर कंपनी ती देऊ शकते.

*

विकणाराच समोर नवे हॉटेल काढून आचारी घेऊन गेला तर? इथे जुना करार कायदा मदतीला येतो. 1872 च्या या कायद्याच्या 27 व्या कलमात धंदा न करण्याची अट सहसा टिकत नाही, पण नावासकट धंदा विकणाऱ्याला ठरावीक भागात तोच धंदा न करण्याची वाजवी अट घालता येते. ‘माटुंगा, दादर, शीव’ अशी हद्द करारात नावानिशी लिहावी. आचाऱ्याला मात्र अट बांधत नाही, पगारच बांधतो.

*

जुना कर थकला असेल तर धंदा घेणाराही देणेकरी ठरतो. जीएसटी कायद्याचे 85 वे कलम तसे सांगते. म्हणून शेवटचा हप्ता थकबाकीची खातरजमा होईपर्यंत हातात ठेवावा.

*

माझे मत: भटारखान्यातले काम येत असेल तर छोटे का होईना, स्वतःचे काढावे. येत नसेल तर मालकाच्या लेखी संमतीने वर्षभर कंडक्टिंगवर चालवून पाहावे, आणि खरेदीची किंमत त्या वर्षाच्या आकड्यांवर ठरवावी. विकणारा याला तयार नसेल तर ते हॉटेल सोडून द्यावे.