दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलांना लंगडी शिकवताना माझा घोटा मुरगळला. सूज किरकोळच होती. आठवड्यात दुखणं थांबलं आणि मी लगेच मैदानावर धावलो. पाय पुन्हा मुरगळला!

कारण मुरगळल्यावर घोट्याची तोल सांभाळण्याची क्षमता कमी होते. दुखणं थांबलं तरी ती लगेच परत येत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी न लंगडता चालता येईपर्यंत थांबलो. मग भिंतीजवळ त्या एकाच पायावर ३० सेकंद उभं राहायचा रोज सराव केला. चांगल्या पायाइतकं स्थिर जमल्यावर हलक्या उड्या, शेवटी धावणं. दुसऱ्या सकाळी सूज किंवा दुखणं वाढलं, की एक पायरी मागे यायचं.

मुलांनाही खेळायला सोडण्याआधी हे तपासून बघा. मात्र चार पावलंही टाकता येत नसतील, तर डॉक्टरांकडेच न्या.